पापण्या आखूड आणि सरळसोट: मस्कारा कुठला, ब्रश कुठला?

माझ्या पापण्यांचे केस वळचणीच्या पत्र्यासारखे आहेत: सरळ पुढे येतात आणि टोकाला किंचित खाली झुकतात. समोरून आरशात बघितलं तर आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो. कॉलेजात असताना तुळशीबागेत एका दुकानात विचारलं, तर काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांत जाड ब्रशचा मस्कारा हातात ठेवला. "ताई, तुमच्या पापण्या बारीक आहेत ना, मग व्हॉल्यूमवालाच घ्या." मी घेतला. पुढची दोन वर्षं रोज सकाळी वरच्या पापणीवर पडलेले काळे ठिपके इयरबडने पुसत होते आणि चूक माझ्या हाताची आहे असं समजत होते.

चूक हाताची नव्हती. मस्काराही चुकीचा होता आणि ब्रशही.

एक गोष्ट आधीच सांगते. मराठीत पापणी म्हणजे डोळ्यावरचं झाकणही आणि त्याच्या कडेचे केसही. गोंधळ नको म्हणून इथे 'पापणी' म्हणजे झाकण आणि 'केस' म्हणजे पापणीचे केस.

हाताशी काय हवं

- आयलॅश कर्लर, त्याची रबरी पट्टी चांगल्या स्थितीत
- मस्कारा (कुठला ते पुढे)
- वापरून फेकायचे एक-दोन सुटे मस्कारा ब्रश. कॉस्मेटिकच्या दुकानात पाकिटात मिळतात
- टिश्यू, इयरबड, थोडी साधी कॉम्पॅक्ट किंवा लूज पावडर
- तेल आणि पाणी असे दोन थर दिसतात तो मेकअप रिमूव्हर
- पर्समधला छोटा आरसा, जो खाली धरता येईल

१. आधी आपले केस नीट बघा

खिडकीपाशी बसा, चेहरा सरळ ठेवा आणि कुणाला तरी बाजूने मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढायला सांगा. समोरून काढलेल्या फोटोत काही कळत नाही. बाजूने बघितल्यावर केस वर वळतात, सरळ पुढे येतात की खाली झुकतात ते लगेच दिसतं.

आता कोरड्या सुट्या ब्रशने केस खालून वर विंचरा आणि दहा सेकंद थांबा. वर राहिले तर तुमचं काम सोपं आहे. लगेच परत खाली आले, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा केसांना लांबी नाही, जाडी नाही आणि वळणही नाही, पण तिन्हींवर एकदम हल्ला करायचा नसतो. आधी वळण, मग लांबी, आणि जाडी जमली तर. कारण साधं आहे: खाली झुकलेला केस कितीही लांब केला तरी समोरून दिसत नाही, आणि जाड केला तर वजनाने आणखी झुकतो.

२. लेंग्थनिंग, व्हॉल्युमायझिंग, कर्लिंग: आत काय असतं

बाटलीवरचे हे शब्द म्हणजे कंपनीचा दावा. तरी ढोबळमानाने तिन्हींच्या आतला माल वेगळा असतो.

व्हॉल्युमायझिंग मस्कारात मेण जास्त असतं: मधमाश्यांचं, कार्नोबा पामचं वगैरे. ते केसावर जाड थर धरतं, त्यामुळे केस भरलेला दिसतो. लांब आणि मुळातच वळलेल्या केसांवर हे फार छान दिसतं. आखूड, सरळ केसांवर मात्र तो थर म्हणजे डोक्यावर ठेवलेला हंडा.

लेंग्थनिंग मस्कारा पातळ असतो. केसाचं टोक फिकट आणि बारीक असतं, ते एरवी दिसतच नाही. पातळ रंग तिथपर्यंत पोचला की तेवढ्यानेच केस लांब वाटतो. काही लेंग्थनिंग मस्कारांत नायलॉन किंवा रेयॉनचे बारीक तंतूही असतात, जे टोकाला चिकटून लांबी वाढवतात. दिसायला छान, पण दिवसभरात ते झडतात आणि डोळ्यात जातात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तंतूवाला घेऊच नका. पाकिटामागच्या यादीत नायलॉन किंवा रेयॉन दिसलं की परत ठेवा.

कर्लिंग मस्कारात मेणाबरोबर असे पदार्थ असतात, जे वाळताना केसाभोवती घट्ट पापुद्रा धरतात. लक्षात घ्या, हा पापुद्रा सरळ केसाला स्वतःहून वळवत नाही. कर्लरने दिलेलं वळण तो आहे तिथे धरून ठेवतो. कर्लर न वापरता नुसता कर्लिंग मस्कारा लावून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या दोन मैत्रिणी मला आहेत.

पण आपल्यासारख्या केसांसाठी या तीन नावांहून मोठा प्रश्न वेगळाच आहे: मस्कारा पाण्यावर आधारलेला आहे की नाही?

डोक्यावरच्या केसांना ड्रायरने वळण देऊन बाहेर पडलो आणि पावसाचे चार थेंब पडले की काय होतं, ते पुण्यात जूननंतर प्रत्येकीला माहीत असतं. पाणी केसाच्या आत शिरतं, वळण धरून ठेवणारे कच्चे बंध सुटतात आणि केस मूळ आकारात जातो. पापणीच्या केसांचंही तेच. साधा, धुता येणारा मस्कारा पाण्याचाच असतो. तो ओला असतानाच कर्लरने दिलेलं वळण उतरतं. म्हणजे मस्कारा लावण्याच्या क्रियेतच वळण जातं! पटत नसेल तर घरी करून बघा: एका डोळ्याचे केस कर्ल करा आणि त्यावरून नुसत्या ओल्या ब्रशचा एक हात फिरवा.

वॉटरप्रूफ मस्कारात बहुधा पाण्याऐवजी पटकन उडून जाणारं द्रव्य असतं. घटकांच्या यादीत पहिल्या एक-दोन नावांत 'अ‍ॅक्वा' किंवा 'वॉटर' दिसलं तर तो पाण्याचा. 'आयसोडोडेकेन' दिसलं तर तो खरा वॉटरप्रूफ. वळण टिकवायचं तर दुसरा.

तिसरा एक प्रकार हल्ली मिळतो, ट्युबिंग मस्कारा. तो प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखा थर करतो, आणि कोमट पाण्याने त्या नळ्या सुटून येतात. पापणी तेलकट असणाऱ्यांना तो सगळ्यांत कमी पसरतो. पण बहुतेक पाण्याचाच असल्यामुळे वळण वॉटरप्रूफइतकं धरत नाही.

माझं उत्तर: पहिला हात वॉटरप्रूफ कर्लिंगचा, आणि हवाच असेल तर टोकांना साध्या पातळ लेंग्थनिंगचा दुसरा. हा क्रम उलटा केला की वळण गेलंच समजा.

३. दुकानात मनगटावर परीक्षा

टेस्टर डोळ्याला लावू नका. आधी किती जणींच्या डोळ्यांना लागलाय ते कळायला मार्ग नाही. सुट्या ब्रशवर किंवा इयरबडवर थोडा घ्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढा. दुसरा मस्कारा असेल तर दुसरी रेघ. मग लक्ष्मी रोडवर दहा मिनिटं बाकीची खरेदी करून या.

परत आल्यावर रेघेवर बाटलीतलं पाणी ओता आणि बोटाने हलके घासा. काळं पाणी वाहिलं तर साधा. हललाच नाही तर वॉटरप्रूफ. छोटे पापुद्रे सुटून आले तर ट्युबिंग. पर्समध्ये लिप बाम असेल तर तोही वॉटरप्रूफच्या रेघेवर चोळून बघा: पाण्याला दाद न देणारी रेघ तेलकट बामने विरघळायला लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विकत घेताना बंद पाकीट घ्या आणि त्यावर बॅच नंबर, मुदत आणि एमआरपी आहे का बघा. बाहेरून आलेला माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता. मोठ्या ब्रँडचं नाव आणि अर्ध्याहून कमी किंमत दिसली, तर मी तरी डोळ्यासाठी तो जुगार खेळत नाही. क्लिप आणि कानातले घ्यायला रस्त्यावरचे स्टॉल आहेतच.

४. ब्रश: इथेच खरी मेख आहे

पैसे आपण मस्काराचे देतो, पण रोज हातात येतो तो ब्रश. माझे केस साधारण सहा-सात मिलिमीटर असतील. जाड ब्रश त्याहून रुंद असतो. केसाच्या मुळापर्यंत पोचायचं तर त्याचे वरचे दात आधी पापणीला टेकतात, आणि तिथेच ते दोन वर्षांचे काळे ठिपके पडतात. ठिपके पडू नयेत म्हणून हात आपोआप लांब राहतो, मग मूळ रिकामं आणि टोकावर गोळा. टोकावर वजन आलं की केस झुकला.

माझा अंदाज असा: दातांसकट ब्रश साध्या पेन्सिलीपेक्षा बारीक हवा. दुकानात टेस्टर उघडून पेन्सिलीशेजारी धरा, हसले तर हसू देत.

दात दोन तऱ्हांचे असतात. एक, तारेत पिळलेले मऊ धागे, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ते रंग भरपूर धरतात. दुसरे, साच्यातून काढलेले प्लास्टिकचे दात, ज्याला दुकानात सरसकट 'सिलिकॉन ब्रश' म्हणतात. हे कमी रंग धरतात आणि कंगव्यासारखे केस वेगळे करतात. आखूड केसांसाठी दुसरा. त्याचे दात छोटे असतात, त्यामुळे मुळाशी शिरता येतं आणि केस एकमेकांना चिकटत नाहीत.

आता आकार. सरळ, बारीक आणि टोकाला निमुळता ब्रश नवशिक्यांसाठी सगळ्यांत सुरक्षित. नाकाजवळच्या इवल्याशा केसांना त्याचं टोक पोचतं. केळ्यासारखा वाकडा ब्रश 'कर्लिंग' म्हणून विकला जातो. त्याचा बाक तुमच्या पापणीच्या गोलाईशी जुळला तर एका फटक्यात सगळे केस उचलले जातात. जुळला नाही तर मधलेच केस किंवा दोन्ही कडाच रंगतात. बारीक असेल तर वापरून बघायला हरकत नाही, पण वळण ब्रशच्या बाकातून येत नाही. मध्ये बारीक आणि दोन्हीकडे फुगलेला डमरूच्या आकाराचा ब्रश दाट केसांसाठी. त्याच्या फुगलेल्या टोकांनी आपली पापणी हमखास रंगते. टोकाला गोळी असलेले ब्रश कोपऱ्यांपुरते ठीक, रोज सगळ्या डोळ्याला लावायला कंटाळा येतो.

मस्कारा चांगला निघाला पण ब्रश जाड, असं होतंच. तेव्हा जाड ब्रश बाहेर काढून सुटा बारीक ब्रश त्यावर फिरवा आणि त्याने लावा. सुटा ब्रश बाटलीत बुडवू नका. बाटलीच्या तोंडाशी आत एक रबरी कडं असतं, जे ब्रशवरचा जादा रंग पुसून घेतं. ते त्या बाटलीच्या स्वतःच्या ब्रशच्या मापाचं असतं. दुसरा ब्रश त्यातून लडबडूनच बाहेर येतो.

५. कर्लर: नेहमी मस्काराच्या आधी

केस स्वच्छ आणि पूर्ण कोरडे हवेत. खाली बघा, कर्लर अर्धा उघडा धरून मुळाशी न्या आणि अगदी हळू मिटा. कातडी चिमटली तर लगेच कळेल. उघडून मिलिमीटरभर पुढे घ्या. बरोबर बसला की दाबून पाच ते आठ सेकंद मोजा. लांब केसवाल्या मुळाशी, मध्ये आणि टोकाला असे तीनदा दाबतात. आपल्याला तेवढी जागाच नसते. मुळाशी एकदा, किंचित पुढे सरकून एकदा, बस्स. केसात काटकोन दिसला तर एकाच जागी जास्त जोर लागलाय.

मस्कारा लावल्यावर कर्लर कधीही नाही. केस रबराला चिकटतो आणि कर्लर उचलताना उपटला जातो. रबरावर खोल खाच पडली असेल तर पट्टी बदला, कारण मग धातूची कड थेट केसावर येते.

६. लावताना

ब्रश बाटलीत पंपासारखा वर-खाली करू नका; हवा आत जाऊन मस्कारा लवकर सुकतो. फिरवत बाहेर काढा आणि टिश्यूवर एकदा टेकवा, विशेषतः टोकाचा गोळा. नव्या बाटलीत तर हे हवंच.

आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि त्यात खाली बघा. पापणी सरळ होते आणि मुळं मोकळी दिसतात. ब्रश खालून मुळाशी टेकवून डावी-उजवीकडे थोडा हलवा, मग वर ओढा आणि टोकाशी दोन-तीन सेकंद तसाच धरा. रंग मुळाशी जास्त आणि टोकाला कमी, असं जमलं पाहिजे. कोपऱ्यांना ब्रश उभा धरून फक्त टोक वापरा.

दुसरा हात पहिला किंचित ओलसर असतानाच. पूर्ण वाळल्यावर लावला की गुठळ्या होतात. तिसरा हात नको. पापणीवर ठिपका पडला तर ओला पुसू नका, पसरेल. वाळू द्या, मग कोरड्या इयरबडने खरवडल्यासारखा उडवा.

खालच्या केसांना मी लावत नाही.

७. माझी दोन दिवसांची परीक्षा

मागच्या जुलैत ठरवून केलं. डाव्या डोळ्याला जुना जाड ब्रशचा, धुता येणारा व्हॉल्युमायझिंग. उजव्याला बारीक प्लास्टिक ब्रशचा वॉटरप्रूफ कर्लिंग. दोन्ही डोळ्यांना कर्लर सारखाच. कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट. स्कार्फ बांधणाऱ्यांना ठाऊक असेल, आपला दमट श्वास कडेने वर येतो आणि थेट डोळ्यात जातो. बाहेर रिमझिम.

पावणेदहाला ऑफिसच्या वॉशरूममध्ये बघितलं. डावे केस पुन्हा सरळ झाले होते, दोन-दोन चार-चार एकत्र चिकटून. उजवे सकाळी होते तसे वर. एका सहकारी मैत्रिणीने विचारलं, "डावा डोळा झोपलाय का गं तुझा?"

संध्याकाळी पाचला मात्र उजव्या डोळ्याखाली करडी सावली होती, आणि डाव्यापेक्षा जास्त. आधी वाटलं, वॉटरप्रूफ नावालाच. मग मनगटावरचा लिप बाम आठवला. सकाळी मी डोळ्याखालपर्यंत सनस्क्रीन लावलं होतं आणि खालच्या कडेला नेहमीचं काजळ. दोन्ही तेलकट. वॉटरप्रूफ पाण्याला हटत नाही, पण तेलात विरघळतो. काजळ दिवसभर वितळत वर-खाली फिरतं आणि मस्काराला सोबत घेऊन जातं.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याला काजळ फक्त वरच्या कडेला, तेही कमी. सनस्क्रीन लावून दहा मिनिटांनी डोळ्याखाली टिश्यू टेकवला, वर पावडरचा हलका हात. मस्काराच्या आधी केसांवरूनही कोरडा टिश्यू फिरवला, कारण क्रीमचा अंश तिथेही असतो. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचेपर्यंत सावली नव्हती. डाव्याला त्या दिवशी ट्युबिंग लावून बघितला: पसरला अजिबात नाही, पण दुपारपर्यंत वळण निम्मं उतरलं.

काजळ सोडवत नसेल तर ट्युबिंग घ्या आणि वळणाशी थोडी तडजोड करा. दोन्ही पूर्ण मिळवून देणारी बाटली मला अजून सापडलेली नाही.

८. काढताना

वॉटरप्रूफची किंमत इथे मोजावी लागते. घाईत घासून काढला तर केस तुटतात, आणि आपल्याकडे ते आधीच मोजके. लेन्स असतील तर आधी काढा. रिमूव्हरची बाटली हलवून दोन्ही थर मिसळा, कापसाच्या चकतीवर घ्या आणि मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसती धरून ठेवा. मग खालच्या दिशेने एकदा पुसा. राहिलं तर पुन्हा धरा, घासू नका. खोबरेल तेलानेही निघतो, आई त्यानेच काढते. पण डोळ्यात गेलं की बराच वेळ सगळं धुकट दिसतं, म्हणून अगदी थोडं घ्या आणि नंतर फेसवॉशने धुवा. तेलाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशीचा मस्कारा टिकत नाही.

ट्युबिंगला रिमूव्हर नको. कोमट पाण्याचे हबके मारा आणि बोटांच्या चिमटीत केस हलके ओढा, काळे दोरे हातात येतात. पहिल्यांदा बघताना केसच गळले असं वाटून पोटात गोळा येतो. ते केस नसतात.

९. बाटली किती दिवस

पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '६ एम' असं काहीतरी असतं: उघडल्यापासून इतके महिने. मी रोज वापरते, म्हणून तीन महिन्यांनीच टाकते, कारण ब्रश रोज डोळ्याला लागून पुन्हा त्याच ओल्या अंधारात जातो. वास बदलला किंवा दाट झाला तर त्याआधीच. सुकलेल्यात पाण्याचे थेंब घालून चालवू नका. डोळे आले असतील तर बरे झाल्यावर जुनी बाटली परत वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. आणि बहिणीलाही द्यायची नाही. माझ्या मावसबहिणीने यावरून लग्नघरात माझ्याशी अर्धा तास अबोला धरला होता.

मी बाटलीच्या बुडाला मार्करने उघडल्याची तारीख लिहिते. सध्याच्या बाटलीवर ४ ऑगस्ट आहे.